कठडे खालीच राहतील

वॉर्डात पेशंट पडला की वरचे लोक पहिला प्रश्न विचारतात, "बेडचे कठडे वर होते का?" पेशंटला कुठं लागलं, तो का उठला होता, त्याला कुणाची वाट बघावी लागली का, हे सगळं नंतर. कठडे वर होते म्हटलं की सगळे सुटतात. या प्रश्नाचा मला पहिल्यापासून राग आहे आणि तो वयाबरोबर कमी व्हायचा सोडून वाढतच चालला आहे.

मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात बायकांच्या मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्या वॉर्डात म्हाताऱ्या बायका जास्त. ऊस, म्हशी आणि पोरंबाळं यांत जन्म घालवलेल्या या बायकांना झोपून राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच. त्यातल्या एका अज्जीवरून मी वरच्यांशी उघड भांडले होते, ती ही हकीकत.

अज्जी नेसरीकडच्या एका खेड्यातून आल्या होत्या. जैन शेतकऱ्यांचं घर, ऐंशी ओलांडलेलं वय, अंगात ताप आणि छातीत कफ. न्यूमोनिया होता, फार मोठा नव्हता. बरोबर मुलगा आणि सून. मुलाचं गडहिंग्लजला खताचं दुकान. तो आईला अव्वा म्हणायचा आणि तिच्या वतीनं सगळी उत्तरं स्वतःच द्यायचा.

नवा पेशंट वॉर्डात आला की आम्ही तो पडण्याचा धोका किती, हे पहिल्याच तासात तपासतो. आधी कधी पडलाय का, दुसरे आजार आहेत का, चालताना कशाचा आधार लागतो, हाताला सुई आहे का, पाऊल कसं टाकतो आणि स्वतःच्या ताकदीचा अंदाज त्याला नीट आहे का. प्रत्येकाला गुण असतात. परीक्षेच्या उलटं काम, जितके गुण जास्त तितका धोका जास्त.

"अज्जी कधी पडल्यात का अलीकडं?" मी विचारलं.

"न्हाई न्हाई," मुलगा म्हणाला. "अव्वा अजून धडधाकट हाय."

त्याच्या मागं उभ्या असलेल्या सुनेनं मान खाली घातली आणि पदराआडून मला दोन बोटं दाखवली.

"अज्जी, तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

"पडलो न्हाई मी," अज्जी म्हणाल्या. आमच्या भागात खेड्यातल्या बायका स्वतःला आलो, गेलोच म्हणतात. "सोप्यात जरा बसलो." सोपा म्हणजे घराची पुढची पडवी.

"मनानं बसला, का पाय गेले म्हणून बसला?"

"बसलो म्हंजे बसलो. तुला काय करायचंय?"

मनगटावर पिवळा पडत आलेला मुक्या माराचा डाग होता. तो पदराखाली सरकला. मी तो बघितला आणि त्यांनी मला बघताना बघितलं.

त्यांना खाली उतरवून चार पावलं चालवलं. एक हात भिंतीला, दुसरा बेडच्या कडेला, मान खाली आणि पाऊल बारीक. मोतीबिंदूचा चष्मा पिशवीत होता, डोळ्यांवर नव्हता. पायात सुनेनं प्रेमानं आणलेले लोकरीचे मोजे. आमच्या फरशीवर ते मोजे म्हणजे लोण्यावर पाय. शेवटचा प्रश्न मी नेहमीच हळू आवाजात विचारते, "अज्जी, संडासला एकट्या जाऊ शकाल का कुणाचा हात लागंल?"

"एकटीच जातो की. लग्न होऊन आलो तवापास्नं एकटीच जातोय. का, तुज्यासंगं जाऊ?"

शेजारच्या बेडवरची बाई हसली. मला पण हसू आलं, पण गुण द्यायचे ते दिलेच. धोका जास्त. मी त्यांच्या हातात पिवळा पट्टा बांधला. ज्याच्या हातात तो, त्याला एकटं उठू द्यायचं नाही, हे वॉर्डातल्या सगळ्यांना लांबून कळावं म्हणून तो असतो.

"ह्यो कसला गंडा?" अज्जींनी विचारलं.

"तुमच्यावर लक्ष ठेवायचा."

"लक्ष ठेवाया मी काय चोर हाय?"

मग मी बाकीची तयारी केली. बेड खालपर्यंत उतरवला, म्हणजे बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील. चाकांचे ब्रेक लावले. संडासाच्या दाराजवळची जागा दिली. मोजे काढून रबरी तळाच्या चपला घालायला लावल्या, चष्मा उशाशी आणि घंटीचं बटण उशीला पिनेनं अडकवलं. दर थोड्या वेळानं मावशींनी स्वतःहून विचारायचं, "जाऊन यायचं का?" आणि दाराशी थांबायचं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातली मदतनीस बाई. डोक्याकडचे अर्धे कठडे वर ठेवले, धरून उठायला. पायाकडचे खाली.

अज्जींनी सगळं ऐकून घेतलं आणि घंटीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ही मी वाजीवणार न्हाई. घंटी वाजवून मानसं बोलवायची रीत आमच्यात न्हाई."

दिवस बुडायच्या आत सुनेनं डब्यातली भाकरी आणि मुगाची आमटी त्यांना खायला घातली, गोळ्या दिल्या. सूर्य मावळल्यावर अज्जी अन्न घेत नाहीत आणि पाणीही नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आमच्या भागात बरेच पेशंट असे असतात, त्यामुळं त्याचं काही वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले तर वॉर्डात गलका. उजाडायच्या आधी अज्जी उठल्या, कुणाला न सांगता उभ्या राहिल्या, आणि दोन पावलांवर पाय गेले. नशीब की मावशी फेरीला त्यांच्याकडंच येत होत्या. त्यांनी काखेत हात घालून अज्जींना अलगद खाली बसवलं. डोकं आपटलं नाही, हाड मोडलं नाही. साखर तपासली, ती ठीक होती. पण दवाखान्याच्या भाषेत पडता पडता वाचणं हे पण पडल्यातच जमा.

मी पोचेपर्यंत मुलगा आलेला होता. त्याच्या हातात जुन्या सुती लुगड्याची फाडलेली लांब पट्टी होती.

"सिस्टर, मऊ हाय, रुतणार न्हाई," तो म्हणाला. "हात बांधा. कठडे चारी बाजूनं वर करा. लघवीची नळी घाला नायतर डायपर लावा. पर ती उठाय नको."

त्याच्यामागं आमचे मॅनेजर उभे होते. तपासणीची मंडळी येणार होती आणि आमच्या मॅनेजरांना भिंतीवर 'वॉर्डात एकही पेशंट पडला नाही' असा बोर्ड लावायची फार हौस. ते म्हणाले, "सिस्टर, नातेवाईक स्वतःच म्हणताहेत. मग अडचण काय आहे?"

माझं डोकं सणकलं. अडचण काय आहे! सगळ्यांना बांधून ठेवलं तर एकही पडणार नाही, हे कळायला मॅनेजर कशाला लागतो?

"कठडे खालीच राहतील," मी म्हणाले. "आणि कुणालाही बांधायचं नाही."

"तुम्ही जबाबदारी घेता?"

"ती माझीच आहे. तुम्ही काय देणार मला?"

मग मी त्यांना, मुलाला आणि ऐकत असलेल्या अख्ख्या वॉर्डाला मोठ्या आवाजात सांगितलं. ज्याला उठायचंच आहे तो कठड्यावरून चढून उठतो, आणि मग बेडवरून पडण्याऐवजी कठड्यावरून पडतो, अजून उंचावरून. हात बांधलेलं म्हातारं माणूस घाबरतं, झटापट करतं, रात्री बरळायला लागतं. नळी घातली की लघवीचं इन्फेक्शन. चार दिवस झोपवून ठेवलं की पायातली उरलीसुरली ताकद जाते, आणि घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी पडतं. तेव्हा आमच्या भिंतीवरचा बोर्ड तसाच असतो, कारण ते आमच्या वॉर्डात पडलेलं नसतं.

अज्जी हे सगळं बेडवर बसून ऐकत होत्या. त्या मुलाच्या हातातल्या पट्टीकडं बघत म्हणाल्या, "मला दाव्याला बांधतोस व्हय रं? अरं म्हशीला तरी पाणी दावाया सोडतोस की."

मुलाचा चेहरा एकदम पडला. तो मला बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, "सिस्टर, तुमास्नी वाटंल हा कसला पोरगा. आमचं आप्पा असंच पहाटे उठलं, पडलं, खुबा मोडला. परत उठलंच न्हाईत. पाठ सडली त्यांची. मी सगळं हातानं केलंय. आता अव्वाचं तसं झालं तर मला न्हाई बघवणार."

राग तर आलाच होता, पण आता त्याला जागा राहिली नाही. हा माणूस आईवर चिडलेला नव्हता. भ्यालेला होता. आणि भीती खरी होती, खोटी नव्हती. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की घर कसं बसतं, हे मी शेकड्यानं बघितलंय. म्हणून तर मला त्याचं म्हणणं मान्य नव्हतं. आप्पा पडल्यावर झोपले, आणि हा अव्वाला पडायच्या आधीच झोपवायला निघाला होता.

"मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले. "अज्जी उठतात हा रोग नाही. उठल्यावर पाय का जातात, ते शोधू या. नाहीतर हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होणार."

त्यानं पट्टी खिशात कोंबली, फेकून दिली नाही.

मी बीपीचं मशीन घेऊन आले. आधी अज्जींना आडवं निजवून बीपी घेतलं. मग मावशींना एका बाजूला आणि मुलाला दुसऱ्या बाजूला उभं करून अज्जींना उभं केलं आणि लगेच एकदा, मग थोडं थांबून पुन्हा घेतलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसनं उतरला तरी आम्ही सावध होतो. अज्जींचा त्याहून कितीतरी जास्त उतरला. त्यांनी डोळे मिटले आणि मुलाचा दंड घट्ट धरला.

"काय होतंय अज्जी?"

"काय न्हाई. जरा अंधारलं."

"घरी सोप्यात बसला तेव्हा पण असंच अंधारलं होतं?"

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "व्हय."

राऊंडला डॉक्टर आले. शांत माणूस. मी आकडे सांगितले. त्यांनी बेडवर बसकण मारली आणि सुनेला विचारलं, "घरी गोळ्या कधी देता, ते जरा सगळं सांगा बघू. सकाळी उठल्यापासून."

सून पहिल्यांदाच मोकळी बोलली. अव्वा पहाटे उठतात. अंघोळ करून बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात जातात. दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. मग तिथनं शेताकडं, गोठ्याकडं. त्यामुळं सकाळची गोळी सारखी चुकायची. रात्रीची रात्री द्यायची म्हटलं तर दिवस मावळल्यावर पाणी चालत नाही. "म्हनून मी सगळ्या गोळ्या सांजच्या जेवणासंगं एकदमच द्याय लागलो. बीपीच्या दोन्ही, ती लघवीची, आणि मेडिकलवाल्यानं दिलेली झोपेची. एक बी चुकत न्हाई आता."

एक बी चुकत न्हाई, हे तिनं अभिमानानं सांगितलं आणि डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. दिवसभराचं बीपीचं औषध एका दमात. वर लघवी सुटायची गोळी, म्हणजे रात्रभर अंगातलं पाणी जाणार. आणि वरून पाणी आत येणार नाही. त्यात झोपेची गोळी. मग पहाटे ताडकन उठून उभं राहायचं. दिवसभर गुरामागं फिरणारी बाई पहाटेच का पडायची, हे आता दिसलं. सुनेनं नेम पाळायला म्हणून केलं होतं, आणि इतकं मनापासून केलं होतं की ते चुकतंय हे कुणाच्या मनातच आलं नाही. आमच्याही. आम्ही काल ॲडमिशनच्या वेळी 'गोळ्या घरच्याप्रमाणेच' म्हणून तेच चालू ठेवलं होतं.

"काल आपणही तेच दिलं," डॉक्टर म्हणाले. सुनेचे डोळे भरले होते, तिनं रडू नये म्हणून बहुतेक.

लघवीची गोळी सकाळी नाष्ट्यानंतर. बीपीच्या दोन्हींतली एक तूर्त बंद आणि दुसरी दिवसा. झोपेची एकदम सोडवायची नाही, आधी अर्धी, मग पाव, मग बंद. हे डॉक्टरांनी ठरवलं. राहिलं पाणी.

मॅनेजर पुन्हा आले होते. म्हणाले, "पेशंटला समजावा की. आजारपणात रात्री पाणी प्यायलं तर देव काही रागवत नाही."

अज्जींनी त्यांच्याकडं असं बघितलं की मला मॅनेजरांचीच कीव आली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ पण अजून शाबूत होता.

"त्यांचा नेम मोडायचं काम माझं नाही," मी म्हणाले. "सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दिवस आहे की. त्यात काय कमी पाणी बसतं?"

छातीसाठी पाणी जपून द्यायची गरज नाही, हे डॉक्टरांना विचारून घेतलं. मग दिवसभर तांब्या भरलेला ठेवायचा आणि थोडं थोडं संपवायचं काम सुनेकडं दिलं. शेवटचा तांब्या दिवस बुडायच्या आधी. दर्शनासाठी सुनेनं भगवंताचा छोटा फोटो लॉकरवर ठेवला. आणि उठायची पद्धत. तिथं अज्जी अडल्या.

"अज्जी, डोळे उघडल्यावर लगेच उभं राहायचं नाही. कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडून बसायचं, पावलं वरखाली हलवायची. रक्त डोक्याकडं चढाय वेळ लागतो. थोडं थांबायचं, मग मावशीच्या हाताला धरून उभं."

"थोडं म्हंजे किती? मला घड्याळ कळत न्हाई."

मी लॉकरवरच्या फोटोकडं बघितलं. मग विचारलं, "अज्जी, उठल्यावर पहिल्यांदा काय म्हणता?"

"णमोकार मंतर. नऊ येळा."

"अंघोळीआधी चालतो?"

"न चालाया काय झालं? त्यो कुठंबी म्हनावा, कसंबी म्हनावा."

"मग नऊ वेळा होईपर्यंत बसूनच म्हणायचा. पाय हलवत. झाला की उभं राहायचं."

त्यांनी उशीकडं बोट दाखवलं. "आणि मग ती घंटी?"

"ती वाजवायची. तेवढं मात्र माझं ऐकायचं."

"बघू," अज्जी म्हणाल्या. ज्यांनी कुणी कोल्हापुरी माणसाचं 'बघू' ऐकलंय त्यांना त्याचा भरवसा माहीत आहे.

त्या रात्रीची फेरी वाढवून मी घरी गेले खरी, पण झोप लागली नाही. मॅनेजरांना तोंड वर करून सांगितलं होतं आणि आता ती बाई पडली असती तर मी बोलायला उरले नसते. त्याहून वाईट म्हणजे मुलाचंच खरं झालं असतं, आणि अज्जी चारी कठड्यांच्या आत गेल्या असत्या. मी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच वॉर्डात जाऊन उभी राहिले. ड्यूटी नव्हती. कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

अज्जी जाग्या झाल्या. कुशीवर झाल्या. पाय खाली सोडले. फोटोकडं हात जोडून ओठ हलायला लागले आणि पावलं वरखाली. मी लांबूनच मनातल्या मनात मोजत होते, आणि माझी मोजणी त्यांच्या आधी संपली. त्या थांबल्या. उशीकडं बघितलं. बटण हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि दाबलं.

मावशी पळत आल्या.

"मी पडीन म्हनून न्हाई हं वाजीवली," अज्जी म्हणाल्या. "तू जागी हायस का झोपलीयास, ते बघाया वाजीवली."

उभ्या राहिल्यावर मी बीपी घेतलं. थोडं उतरलं होतं, पण थोडंच. अंधारलं नाही. त्या मावशींच्या हाताला धरून, चष्मा लावून, समोर बघत संडासापर्यंत गेल्या आणि आल्या. भिंतीला हात लावला नाही. मुलगा दाराशी येऊन उभा होता. त्याला मी बोलावलं नव्हतं. त्यालाही झोप लागली नसावी.

नंतरचे दिवस आम्ही त्यांना रोज थोडं जास्त चालवलं. फिजिओथेरपीची मुलगी काठी घेऊन आली आणि काठी कुठल्या हातात धरायची यावर अज्जींशी तिचं रोज भांडण व्हायचं. त्या एकदाही पडल्या नाहीत. अज्जींचं त्या पहाटेचं पडणं न मोजता बोर्ड लागला, तेव्हा मॅनेजर माझ्याकडं बघून गोड हसले, मी हसले नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सुनेला मी घरचं सगळं पुन्हा सांगितलं. सोप्यातली सतरंजी काढा, पायात अडकते. न्हाणीत धरायला दांडा बसवा. पहाटे दिवा चालू असू दे आणि बस्तीला जाताना कुणीतरी संगं जा. मुलगा सामान बांधत होता. डब्याचं आणि तांब्याचं गाठोडं त्यानं त्या लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधलं.

व्हीलचेअर आली. अज्जींनी तिच्याकडं पाठ फिरवली. "चाकाच्या खुर्चीत बसून गावात गेलो तर लोकं बघाया येतील," त्या म्हणाल्या. मी मावशींना खुर्ची रिकामीच मागून ढकलत आणायला सांगितली. काठी टेकत अज्जी अख्खा वॉर्ड चालल्या, लिफ्टमधून उतरल्या आणि पोर्चच्या पायऱ्यांशी येऊन थांबल्या. तिथं उताराचा रस्ता पण होता, पण त्यांनी पायऱ्या धरल्या.

मुलगा त्यांच्या मागं दोन्ही हात पसरून चालत होता, पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरामागं चालतात तसा. त्याच्या कपाळाला घाम आला होता. अज्जींनी मागं वळून त्याला बघितलं, काठी सुनेच्या हातात दिली आणि आपला हात पुढं केला.

"हात दे इकडं," त्या म्हणाल्या. "तुजंच पाय कापाय लागल्यात."

त्यानं आईचा हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरले.